पोटरीतली कळ आणि मामंजींची खुर्ची

भांडायला मला फार लागत नाही. त्या दिवशी ऑपरेशन थिएटरात मी आमच्या हाडांच्या डॉक्टरांशी भांडले ते एका सुईवरून. आमचं दवाखान्याचं गाव हिंगोलीच्या बाजूचंच. ते हाडं जोडतात, मी भूल देते, आणि दोघांचं वर्षानुवर्षं असंच चाललंय.

टेबलावर साखऱ्याकडची एक तरणी सून होती. ट्रॅक्टरची ट्रॉली कलंडली, तिचा पाय खाली सापडला आणि नडगीचं हाड मोडलं. जखम बाहेर नव्हती, पण पोटरी सुजलेली. हाडात सळई घालायची होती. कमरेतून भूल तर द्यायचीच, पण ती उतरल्यावर दुखेल त्याचं काय, यावर आमचं जुंपलं.

मला नसेचा ब्लॉक द्यायचा होता. म्हणजे गुडघ्यामागच्या आणि मांडीतल्या नसांभोवती सोनोग्राफीत बघून बधिर करणारं औषध सोडायचं. सोबत पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारं इंजेक्शन. अशी तीन-चार हलकी औषधं एकत्र दिली की अफूच्या जातीची कडक औषधं लागत नाहीत. मला ती नकोच होती, कारण तिचं बाळ अंगावर पीत होतं. आईच्या दुधातून बाळालाही गुंगी चढते. शिवाय संध्याकाळी वॉर्डात एकच सिस्टर, तिने किती जणांचा श्वास मोजत बसायचं?

"ब्लॉक नको, मॅडम," सर म्हणाले. "पोटरी बघा तिची. उद्या कप्प्यात दाब चढला तर ती बोंबलली पाहिजे. तुम्ही तिचं तोंडच बंद करून राहिल्या."

त्यांची भीती मला ठाऊक होती. पोटरीचे स्नायू घट्ट आवरणांच्या कप्प्यांत बसलेले असतात. आत सूज आली तरी आवरण ताणत नाही, दाब वाढतो, रक्त पोचत नाही. काही तासांत स्नायू मरतात आणि माणूस जन्माचा लंगडतो. त्याची पहिली हाक म्हणजे कळ. सळईच्या दुखण्यापेक्षा फार जास्त, औषधाने न थांबणारी.

"मग तिने रात्रभर विव्हळायचं का?" मी म्हणाले.

शेवटी तोडगा निघाला. एकदाच द्यायचं, औषध सोडत राहणारी नळी नसेजवळ ठेवायची नाही, औषध एकदम पातळ. पातळ औषधात साधं दुखणं दबतं, पण दाबाची कळ सहसा वर येते, असं मी सांगितलं. "सहसा," सर म्हणाले आणि हात धुवायला गेले. तो शब्द मला दिवसभर चावत राहिला.

ऑपरेशन सकाळी चांगलं झालं. दुपारी वॉर्डात गेले तर बाई शांत. पलंगाशेजारी खुर्चीवर सासरा बसलेला, मांडीवर बाळ. नवरा गावाकडं जनावरं बघायला गेलेला. म्हातारा भला माणूस होता. सुनेला मोसंबीचा रस देत होता, बाळाला झुलवत होता, जागचा हलायला तयार नव्हता.

"दुखतंय का?" मी विचारलं.

तिने पदर पुढं ओढला आणि मान हलवली. "न्हाई."

"बघा मॅडम, किती सोशीक आहे," सासरा म्हणाला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. सरांना जाऊन सांगावं, असंही वाटलं.

ऊन कलल्यावर पुन्हा गेले, आणि तिथून माझा गोंधळ सुरू झाला. चेहरा घामेजलेला. पोटरी हाताला कडक लागली. पण बोटं गरम, पावलावरची नाडी लागत होती. नाडीवर मात्र भरवसा नसतो, ती शेवटपर्यंत चालू राहते. स्पिरिटचा ओला बोळा पावलाच्या बाहेरच्या बाजूला लावला.

"गार लागतंय?"

"व्हय."

अंगठ्याच्या बेचक्यात लावला. "इथं?"

"तिथं न्हाई कळत."

आता हे काय समजायचं? ब्लॉक उतरत आलाय आणि तेवढी जागा मागं राहिलीय, की आत दाबाखाली नस गुदमरून राहिलीय? दोन्हींत बेचकं बधिरच होतं. आणि ती गप्प का? दुखत नाही म्हणून, की माझं औषध अजून आहे म्हणून? माझंच औषध आणि मलाच कळेना की ते आहे की गेलं. मी रडायच्या बेताला आले, आणि मला रडू आलं की मी चिडते. सिस्टरला उगीच बोलले.

तेवढ्यात लक्षात आलं, की मी विचारते तेव्हा ती माझ्याकडं बघत नाही, खुर्चीकडं बघते. अहो, मीही कळमनुरीत नांदलेली सून. सासऱ्यासमोर मीही आवाज वर केला नव्हता कधी.

"बाबा, लेकराला जरा बाहेर वाऱ्याला न्या," मी म्हणाले. "मला पाय तपासायचाय."

तो उठला, दार लोटून गेला. मी तिच्या पायाचा अंगठा धरून हलकेच वर ओढला; आत दाब असेल तर एवढ्या ताणानेही कळ उठते. तिने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

"केव्हापासून?"

"दुपारपासून," ती दात आवळून म्हणाली. "मामंजी बसलेत, त्यांच्यासमोर कसं वरडू? मी म्हणलं, असंच दुखत असल."

मी तिथूनच सरांना फोन लावला. ते यायच्या आत सिस्टरने आणि मी पायावरचं बँडेज कातडीपर्यंत कापून मोकळं केलं, खालची उशी काढून पाय छातीच्या पातळीला आणला. कळ कमी झाली नाही. सर आले, अंगठा ओढून बघितला आणि फक्त "चला" म्हणाले. दाब मोजायचं यंत्र आमच्याकडं नाही, वाट बघायला वेळही नव्हता. या वेळी मी पूर्ण भूल दिली. त्यांनी पोटरीच्या दोन्ही बाजूंनी लांब चिरा देऊन सगळे कप्पे उघडले. स्नायू फुगून बाहेर आले. सरांनी चिमटा लावला, ते आकसले. लालसर होते, रक्त होतं.

"जिवंत आहेत," सर म्हणाले. माझ्या सुईचा विषय त्यांनी काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

जखमा उघड्याच ठेवाव्या लागल्या, नंतर मांडीची कातडी लावून बुजवल्या. बेचक्यातली जाणीव हळूहळू परत आली. घरी जायच्या दिवशी ती काठी धरून दारापर्यंत चालली, पाय पूर्ण टेकवून. मी बघत उभी राहिले.

सासरा मागं थांबला. बाळ खांद्यावर झोपलेलं होतं.

"मॅडम, एक इचारू? मी तिथं बसून राहिलो म्हणून ती बोलली न्हाई, व्हय ना?"

तो तिथं नसता तर ती दुपारीच ओरडली असती? की दुपारी माझ्याच औषधाने तिची कळ झाकली होती आणि तिलाही ती पुरती कळत नव्हती? हे मला आजही सांगता येत नाही. सरांना विचारलं, ते म्हणाले त्यांनाही येत नाही.

"बाबा," मी म्हणाले, "तुमच्या शेजारी माझं औषधबी बसलेलं होतं."

मग बाळाला सावरून तो सुनेच्या मागं निघाला, चार पावलं अंतर ठेवून. दाराशी ती थांबली, वळली, आणि पदर न ओढता त्याला म्हणाली, "मामंजी, जरा थांबू या. दुखून राहिलंय."