फोन नको, मेल करा

शाहूपुरीत झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या भाभींनी मला बिल्डरला मेल लिहून दिला. मी आठवीत शाळा सोडलेली, माहेर पार नांदेडकडं, इथं माझ्या बाजूनं भांडायला कोणी नाही. माझ्या फ्लॅटच्या करारातली ताब्याची तारीख कधीच उलटली होती आणि बिल्डर प्रत्येक सणाला पुढच्या सणाचा वायदा करायचा.

मी म्हटलं, "आधी 'त्रासाबद्दल माफी असावी' असं लिहा."

भाभींनी टायपिंग थांबवलं. "माफी तू का मागतीस? घर त्यानं अडवलंय की!"

त्यांनी करारातली तारीख घातली, भोगवटा प्रमाणपत्र आणि ताबा कधी देणार ते लेखी कळवा म्हटलं. उत्तर न आल्यास उशिराचं व्याज मागून बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या रेराकडं तक्रार करीन, हेही लिहिलं.

मी दुकानातून निघायच्या आत बिल्डरचा फोन. "ताई, मेल कशाला? आपण घरचीच माणसं. दिवाळीला किल्ली देतो की!"

मी म्हटलं, "मागची दिवाळीपण फोनवरच झाली. घरची माणसं असाल तर हेच मेलवर लिहा."

संध्याकाळी तारीख लेखी आली. भाभींनी पैसे घेतले नाहीत. पण त्यांना कुणी असं गोड बोलून टोलवलं, तर त्यांच्या शेजारी उभी राहून मी बोलेन, आणि माफी मागणार नाही.