दुसऱ्यांदा न विचारलेली गाडी

शिवमूर्तीआप्पा पूर्णेचे, पण त्यांचं अर्धं आयुष्य गेलं परभणी स्टेशनासमोरच्या बियाणांच्या कंपनीच्या ऑफिसात. कोणत्या तालुक्याला किती पोती सोयाबीन गेलं, कोणत्या दुकानदाराची तुरीची पिशवी फाटकी निघाली, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. सकाळी पॅसेंजरमधून उतरायचं, रुळांवरच्या पुलाचा दादरा उतरून रस्ता ओलांडला की ऑफिस. इंजिनाची शिटी टेबलावर बसून ऐकू यायची. संध्याकाळी ती ऐकून चप्पल घातली तरी गाडी सापडायची. अशा माणसाला परभणी गाव केवढं पसरलंय हे बघायची गरजच पडली नव्हती. जिंतूर रोडला ते शेवटचे गेले होते ऑफिसातल्या भागवतच्या बहिणीच्या लग्नाला, आणि त्या बहिणीची पोरगी आता कॉलेजात होती.

आणि एका सोमवारी पाण्याच्या माठामागच्या भिंतीवर नोटीस लागली.

नोटीस चांगली पानभर होती. आप्पांनी चष्मा पुसून ती वाचली, मग चष्मा काढून वाचली. पुढच्या महिन्यापासून ऑफिस जिंतूर रोडला, गावाच्या पार बाहेर, नव्या गोदामाशेजारी जाणार. जागा मोठी, माल आणि कागद एकाच ठिकाणी. कर्मचाऱ्यांच्या प्रवासात बदल होईल याची कंपनीला जाणीव आहे. म्हणून पहिले तीन महिने स्टेशनापासून नव्या ऑफिसापर्यंत जायला-यायला गाडी, किंवा ज्याला गाडी नको त्याला दरमहा प्रवास भत्ता. कामाच्या वेळेत अर्ध्या तासापर्यंत लवचिकता. आपली गरज आणि अडचण शुभदा यांना या आठवड्यात कळवावी.

आता यात न कळण्यासारखं काय आहे? पण चांगल्या माणसाला चांगली गोष्ट लवकर कळत नाही, हेच खरं.

"आप्पा, गाडी का भत्ता, का दोनी बी?" भागवतने माठातून पेला भरत विचारलं. हा सेलूकडून यायचा, हिशेब बघायचा आणि दिवसभर शंका काढायचा.

"'किंवा' लिवलंय."

"म्हंजे गोम हाय. कंपनी फुकट गाडी कशाला देतीय? आदी गाडीत बसवत्याल, मग पगारातून कापत्याल."

"आन ही लवचिकता?"

"ती सायबांची. आपुन किती बी लवलो तरी टायमावरच यायचं."

आप्पांना ते पटलं. लवचिक शब्द त्यांनी आजवर वेताच्या छडीसाठीच ऐकला होता.

पण त्यांना खरी काळजी लागली ती वेगळ्याच गोष्टीची. घरी गंगम्मा होत्या. त्यांना साखरेचा आजार, आणि डोळ्यांनी अंधुक दिसायचं. सकाळची सुई आप्पा निघण्याआधी द्यायचे, संध्याकाळची घरी पोचल्यावर. बाटलीतून सिरिंजमध्ये औषध रेघेपर्यंत ओढायचं काम गंगम्मांना जमत नव्हतं. मुलगा पुण्याला. शेजारची सून शिवरंजनी चांगली पोरगी, वेळेला धावून येणारी, पण सुई बघितली की तिलाच घाम फुटायचा. म्हणजे सगळा संसार त्या संध्याकाळच्या पॅसेंजरवर उभा. ती चुकली तर पुढची गाडी दिवेलागण होऊन गेल्यावर, तीही तिच्या मनात आलं तर. रोज असं होणार असेल तर नोकरी सोडावी लागेल, हे आप्पांनी त्याच दिवशी मनाशी म्हटलं. कोणाला सांगितलं मात्र नाही.

गुरुवारी शुभदा त्यांच्या टेबलापाशी आली. पुण्याच्या ऑफिसातून ती नव्यानेच बदलून आली होती. तरुण, भरभर बोलणारी, हातात पेन.

"काका, तुम्ही पूर्णेहून येता ना? स्टेशनवरून गाडी हवीय का तुम्हाला?"

आप्पांचा जीव हरखला. तोंडातून मात्र निघालं, "न्हाई हो ताई, कशाला? उगं तुमाला तकलीफ."

"मग भत्ता?"

"न्हाई न्हाई. आमी येऊ की. आमचं काय!"

"काही अडचण?"

"अजाबात न्हाई."

शुभदा छान हसली, पेनने काहीतरी टिपलं आणि भागवतच्या टेबलाकडे गेली. आप्पा तिच्या पाठीकडे बघत राहिले. आता वळेल, म्हणेल, अहो असं काय करता, घ्या की. वळली नाही. आप्पांनी मनाची समजूत घातली: उद्या विचारील.

आता यात आप्पांचं चुकलं म्हणाल, तर आपल्याकडची रीतच तशी. पहिल्या हाकेला 'हो' म्हणणारा पाहुणा म्हणजे आधाशी. चहा घ्या म्हटलं की 'आताच झाला', जेवा म्हटलं की 'भूकच न्हाई', आणि यजमानाने हात धरून पाटावर बसवलं की मग चार भाकरी. आप्पांच्या गावचे माधवराव मास्तर एकदा मोठ्या शहरात भाच्याकडे गेले. भाचेसून म्हणाली, मामा जेवणार का? मामा म्हणाले, न्हाई बाई, वाटंत लय खाल्लं. तिने बरं म्हणून ताटं आवरली. मामा रात्रभर देवापुढचा खडीसाखरेचा खडा चघळत पडले आणि पहाटेच्या गाडीने परत आले. गावात येऊन सांगितलं, "सून गुणाची हाय, पर एकदाच इचारती." सारा गाव हळहळला. भाचेसुनेला आजतागायत पत्ता नाही.

एक तारीख उजाडली. आपापल्या पॅसेंजरमधून उतरलेले ऑफिसचे पाचही जण स्टेशनाबाहेर रिक्षांच्या शेजारी उभे राहिले. गाडी येणार याबद्दल कोणाला शंका नव्हती, कारण नोटिशीत लिहिलं होतं.

"डायवर च्या पीत आसंल," भागवत म्हणाला.

"तू घेतली का रं गाडी?" आप्पांनी हळूच विचारलं.

"म्या कशाला घिऊ? म्या न्हाई म्हणलो. पर बाकीच्यांनी घेतली आसंल ना! आपुन आपलं कोपऱ्यात बसू."

बाकीचे तिघे आकाशाकडे बघायला लागले. तेही हाच हिशेब करून उभे होते.

गाडी आली नाही. शेवटी शेअर रिक्षा केली. ती भरेपर्यंत हलेना, भरल्यावर प्रत्येक चौकात थांबली. पाचही जण उशिरा पोचले. संध्याकाळी नव्या ऑफिसाबाहेर रिक्षाच मिळेना. स्टेशनाच्या दादऱ्यावर आप्पा पोचले तेव्हा पॅसेंजरचा शेवटचा डबा त्यांच्या डोळ्यांदेखत पूर्णेकडे निघून गेला.

घरी आले तर गंगम्मा भिंतीला टेकून बसलेल्या. तोंड कोरडं, डोकं जड. समोर सिरिंज पडलेली, थोडं औषध फरशीवर सांडलेलं. अंदाजाने ओढायला गेल्या आणि नेम चुकला. आप्पांनी हात धुतले, औषध भरलं, सुई दिली. मग भस्म लावून पूजा केली. जेवायला बसल्यावर तोंड फुटलं.

"कंपनीनं गाडी देतो म्हणलं आन दिलीच न्हाई बग. आसं लिवून फसवावं का माणसाला?"

"तुमाला इचारलं व्हतं का न्हाई?"

"इचारलं की."

"मग तुमी काय म्हणालाव?"

आप्पांनी भाकरीचा तुकडा चटणीत उगाच फिरवला. "न्हाई म्हणलो. पर तिनं दुसऱ्यांदा इचारायला पायजे व्हतं."

गंगम्मांना बरं नव्हतं, तरी हसू आलं. "तुमी न्हाई म्हणलाव तरी मी दुसरी भाकर वाढते, ती मी बायको हाव म्हणून. कंपनी काय तुमची बायको हाय?"

आप्पांना रात्रभर काही सुचेना. हे खरंच असं असतं? एकदा विचारतात आणि संपलं? मग 'नको' म्हणायचं कोणाला आणि कधी?

सकाळी ते शुभदाच्या केबिनच्या दारात उभे राहिले. आत जावं की न जावं.

"या ना काका. बसा. चहा सांगू?"

"न्हाई न्हाई, आताच..."

"बरं," शुभदा म्हणाली आणि तिने खरंच नाही सांगितला. समोरच्या माणसाच्या शब्दावर तिचा पुरता विश्वास होता. त्या घटकेला आप्पांना उमगलं की ही पोरगी उद्धट नाही, कंजूष नाही. हिला 'नको' म्हणजे नकोच वाटतं.

आप्पांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "ताई, च्या घेतो मी. आन... गाडी बी पायजे."

शुभदाच्या हातातलं पेन थांबलं. "पण काका, तुम्ही तर नको म्हणालात. सगळेच नको म्हणाले! मी पुण्याला कळवलं की कोणालाच अडचण नाही. त्यांनी गाडीवाल्याला नाही म्हणून सांगितलं."

"सगळ्यालाच पायजे व्हती ताई. आमी वाट बघायलो व्हतो."

"कशाची?"

"तुमी पुन्ना इचारायची."

शुभदा त्यांच्याकडे बघतच राहिली. मग आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा साहेब लोकांसमोर घरचं सांगितलं: गंगम्मा, सुई, पॅसेंजर, फरशीवर सांडलेलं औषध. ती पेन खाली ठेवून ऐकत होती.

"काका, गाडीला चार-सहा दिवस लागतील. पुण्याला नव्याने नावं पाठवावी लागतील," ती म्हणाली. "पण तुमची वेळ आजच बदलते. सकाळी अर्धा तास लवकर या, संध्याकाळी अर्धा तास लवकर निघा. नोटिशीत लिहिलंय की."

"ती लवचिकता? ती सायबांची न्हाई?"

"तुमचीच आहे."

आप्पांनी चहा घेतला. त्यात साखर जास्त होती, पण बोलले नाहीत. सकाळी लवकर यायचंही जमणार होतं; पॅसेंजर वेळेवर असली की स्टेशनाबाहेर चहा पिऊन रेंगाळण्यात आजवर त्यांचा तासभर जातच होता.

त्या दुपारी शुभदा पुन्हा टेबलाटेबलाशी फिरली. भागवत म्हणाला, "कशाला ताई?" ती म्हणाली, "घ्या हो." तो म्हणाला, "नगं, उगं खर्च." ती हटली नाही, तिथेच खुर्ची ओढून बसली. तिसऱ्यांदा विचारल्यावर भागवतने मान खाली घालून विचारलं, "खिडकीची जागा भेटंल का?"

त्या संध्याकाळी आप्पा लवकर निघाले. रिक्षा आजही चौकाचौकात थांबली, पण ते दादऱ्यावर पोचले तेव्हा पॅसेंजर अजून फलाटाला लागायची होती. घरी सुई वेळेवर झाली, पूजा झाली, ताटं वाढली. पहिली भाकरी संपली तशी गंगम्मांनी चाचपून टोपलीत हात घातला आणि सवयीने विचारलं,

"अजून एक वाढू का?"

"वाढ," आप्पा म्हणाले.

गंगम्मांचा हात टोपलीतच थांबला. त्यांनी अंधुक डोळे आप्पांच्या दिशेने रोखले आणि काळजीने विचारलं,

"आवं, तब्येत बरी हाय ना तुमची?"