साहेबाले समजलं

मलकापुरात बियाण्यांचं दुकान चालवणारे देवानंदकाका कधी मेल उघडत नसत. मोबाइल टुणटुणला की मंजुश्रीला फोन. तीच त्यांचा जीएसटी भरायची, मेलचं खातंही तिनंच काढून दिलेलं, पासवर्डही तिच्याचकडे. तिच्या ऑफिसचं पहिलं गिऱ्हाईक तेच.

"मंजू, मेल आली. वाच बरं."

ती अडखळतच वाचू लागली. "आदरणीय साहेब, आमच्या छोट्या ऑफिसला तुमचं काम आता परवडत नाही, क्षमस्व. या महिन्याचं रिटर्न आम्हीच भरू. नव्या अकाउंटंटला सगळं बसून समजावून देऊ."

"खाली नाव कोनाचं हाय?"

"माझंच, काका."

पोरगी तोंडानं काका म्हणत होती आणि मेलमध्ये साहेब.

"उत्तरबी तूच लेह," ते म्हणाले. "लेह, साहेबाले समजलं."