उलट्या काट्याचा हिशेब

लढाईच्या दिवसांत सांगलीत भाड्याची खोली मिळणं म्हणजे दिव्यच होतं. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. आईला दम्याचा त्रास होता आणि औषध मिरजेच्या डॉक्टरांचं, म्हणून तिला रहिमतपूरहून आणलं आणि एका जैन बाईंच्या घरी माडीवरच्या दोन खोल्या घेतल्या. बाई विधवा होत्या, गल्ली त्यांना अक्का म्हणायची. अंगणातला नळ सगळ्यांचा एकच, त्याचे पैसे माणशी. त्यावरून कधी चकार शब्द झाला नाही. वाजलं ते विजेवरून.

सगळं घर एका मीटरवर आणि बिल निम्मंनिम्मं. अक्कांचे दिवे पाच, माझे दोन. मी कुरकुरले की अक्का म्हणायच्या, "दिवं पाच हायत, पर आमी दिस बुडायच्या आत जेवतो. जळतंय काय आमचं? तुमीच वह्या तपासत बसताय." त्यांचंही खरं वाटायचं, माझंही. शेवटी मी हट्टाने माझ्या तारेवर वेगळा मीटर बसवून घेतला. वायरमनने जुनाच आणला. जिन्याखाली लावला, त्यावरचा आकडा, २४६, कागदावर लिहून शेजारी चिकटवला आणि गेला. बिल मोठ्या मीटरचंच यायचं. त्यातलं माझ्या मीटरवर जेवढं चढेल तेवढं मी द्यायचं, असं ठरलं.

महिन्याने मी मीटर वाचला. घड्याळासारख्या तीन चकत्या, प्रत्येकीत एक काटा. आकडा आला २६४. म्हणजे अठरा युनिट! दोन दिव्यांना आठ-नऊच्या वर जायचं कारण नव्हतं. तीनदा वजाबाकी केली. वजाबाकी बरोबर, काटे डोळ्यांसमोर, मग वीज गेली कुठे? डोकं चालेना. आणि माझं डोकं चालेनासं झालं की तोंड चालतं.

तशीच नळावर गेले. पाणी भरायला आलेल्या चार बायकांसमोर म्हणाले, "अक्का, दोन दिव्यांचे अठरा युनिट झालेत! तुमच्या दिव्यांची तार माझ्या मीटरला जोडलीय. ही चोरी झाली!"

अक्कांनी घागर खाली ठेवली. "पैल्या तारखेला खोल्या मोकळ्या करा," एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

दमेकरी आईला घेऊन कुठे जाणार होते मी? पण माघार घेणंही रक्तात नव्हतं.

दुपारी अक्कांनीच जिन्याखालून हाक मारली. त्यांनी आपले पाचही दिवे लावले होते. "तुमची बटनं बंद करा आन बघा." मी वर जाऊन दोन्ही दिवे बंद केले. खाली येऊन पाहते तर माझ्या मीटरमधलं फिरतं चाक जागच्या जागी उभं. त्यांची तार माझ्यावर असती तर ते फिरलं असतं. मी आणखीच गोंधळले. चोरी नाही, तर अठरा आले कुठून?

अक्कांनी भिंतीकडे बोट केलं. गेरूने काढलेली तीन वर्तुळं होती, प्रत्येकात एक रेघ. "मला आकडं कुटं वाचता येत्यात? वायरमन गेला तवा काटं हुते तसं काढून ठिवलं. आता बघा. शेवटचा काटा हितनं निगाला, आन हितं हाय." बोटाने घरं मोजली. "आठ घरं. मधला काटा एक घर बी पुरा सरकला न्हाई. शेवटच्याचा एक फेरा झाला की मधला एक घर सरकतोय, व्हय का न्हाई? मग अठरा कसं?"

मी मीटरला नाक लावलं. मधल्या चकतीवरचे आकडे उलट्या बाजूने लिहिलेले होते. तिचा काटा घड्याळाच्या उलट फिरतो. तो पाच आणि सहाच्या मध्ये होता. ओलांडलेला आकडा पाच, आणि मी घड्याळाच्या सवयीने सहा धरला होता. खरा आकडा २५४. आठ युनिट. पोरींना हातचा विसरला म्हणून छड्या मारणारी मी!

"अक्का, चुकले मी," मी पुटपुटले.

"मला हितं कशाला सांगताय? चोर म्हनलात नळावर. चूक बी तितंच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बायकांसमोर मी म्हणाले, "अक्कांनी चोरी केली नाही. मला मीटर वाचता येत नाही." कोणीतरी फिस्सकन हसलं. कान तापले माझे. अक्का हसल्या नाहीत. घागर कमरेवर घेत म्हणाल्या, "आईचं औषीद चालू हाय तवर ऱ्हावा. म्होरचं म्होरं बघू."

आम्ही पुढे चार वर्षं तिथे राहिलो. दर महिन्याला काटे अक्काच बघायच्या, मी नुसती आकडे मांडायचे. आणि मोजून झालं की त्या दर वेळी विचारायच्या, "बघा बाई, पटतंय न्हवं?" त्यांनी मला माफ केलं होतं की नाही, ते मात्र मला कधीच कळलं नाही.