पांढऱ्या काठावरचं अक्षर

शेजारच्या काकींनी फोटोंचा पत्र्याचा डबा बुधवारी माझ्या टेबलावर ठेवला आणि मुदत सांगितली: रविवार. रविवारी त्यांच्या तिघी मुली येणार होत्या, एक कागलहून, एक गारगोटीहून आणि एक कोल्हापुरातूनच. काका आता नाहीत; त्यांनी काढलेले सगळे फोटो तिघींत वाटून द्यायचे, असं काकींनी ठरवलं होतं. स्वतःजवळ त्या फक्त स्कॅन ठेवणार होत्या.

मी वर्तमानपत्रातून निवृत्त झालो आहे. घरी एक सपाट काचेचा स्कॅनर आहे आणि संगणकावर एक फुकट मिळालेला प्रोग्रॅम. काचेवर सहा फोटो पालथे ठेवायचे, दोन फोटोंत बोटभर अंतर सोडायचं, झाकण लावायचं. प्रोग्रॅम पार्श्वभूमीहून वेगळा दिसणारा प्रत्येक तुकडा शोधतो, त्याभोवती लहानात लहान चौकट आखतो, ती किती कलली आहे हे मोजतो, तेवढं फिरवून फोटो सरळ करतो आणि वेगळा साठवतो. डोकं कुठं आणि पाय कुठं, हे मात्र त्याला कळत नाही. उलटा ठेवलेला फोटो तो उलटाच सरळ करून देतो.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत डबा संपला. फोटोंभोवतीचा पांढरा काठ आपोआप गेला होता. हे मला बरंच वाटलं. कचेरीत आम्ही फोटो घेतला की आधी काठ उडवत असू. जागा वाचावी म्हणून मूळ स्कॅनही मी पुसून टाकले.

शुक्रवारी काकी बघायला आल्या. चारपाच फोटो त्यांनी पाहिले.

"अक्षर कुठं गेलं?"

"कसलं अक्षर?"

"फोटोखाली लिवलंय की त्यांनी. तू पेपरात व्हतास न्हवं? वाचलं न्हाईस?"

मी वाचलं नव्हतं. डबा उघडून पाहिलं. प्रत्येक फोटोच्या खालच्या काठावर काकांनी निळ्या शाईनं एकेक ओळ लिहिली होती. "मलकापूर. हिला थंडी वाजते." "गारगोटीचा बाजार. ही चपलेवर रुसली आहे." घरात ते फार बोलत नसत. काकींना नावानं हाक मारलेली तर मी कधीच ऐकली नाही.

"तोंडं काय, पोरींची बघितली तरी माझीच दिसत्यात," काकी म्हणाल्या. "मला ह्ये पायजे. रविवारी फोटो गेलं की अक्षरबी गेलं."

चूक कळायला वेळ लागला नाही. झाकणाची आतली बाजू पांढरी आणि फोटोचा काठही पांढरा. प्रोग्रॅमला काठ दिसलाच नाही, त्यानं आतल्या चित्राभोवती चौकट आखली. शाईची अक्षरं दिसली असतील, पण सुटी आणि बारीक. ठरावीक आकाराहून लहान ते सगळं तो धूळ समजून टाकतो.

झाकणाखाली काळा कार्डशीट घातला. काठ आले, अक्षरं आली. पण डब्यात काही बिनकाठाचे फोटोही होते. त्यांतल्या एकात रात्रीचं लग्न होतं, कडेपर्यंत अंधार. तो काळ्या कागदात मिसळला आणि चौकट मांडवातल्या दिव्यांभोवतीच पडली.

"काळा न्हाय, पांढरा न्हाय, असं कायतरी घाल की," काकी म्हणाल्या. त्या घरी गेल्या आणि पूर्वी कधी ओटीत आलेला एक हिरवा ब्लाऊजपीस घेऊन आल्या. "चांगल्याला ठेवलावता. घाल."

त्याला इस्त्री केली, कारण घडीची सावलीही प्रोग्रॅमला कड वाटते. पार्श्वभूमीचा रंग हिरवा निवडला. पहिल्याच स्कॅनमधून सहाच्या सहा फोटो सरळ आणि काठासकट निघाले. शनिवारी दुपारी डबा पुन्हा संपला. या वेळी मूळ स्कॅन ठेवले.

एक फोटो तेवढा अडला. नदीच्या पायऱ्यांवर तरुण काकी उभ्या, आणि मागचं पाणी एका बाजूला उतरतं. प्रोग्रॅमची चूक नव्हती. तो कागदाची कड सरळ करतो, चित्र नाही. काकांनी कॅमेराच तिरका धरला होता. पाणी सपाट दिसेल एवढं मी चित्र फिरवून दाखवलं. पाणी सपाट झालं, खालची ओळ मात्र कलली: "पंचगंगा. हिला पाय भिजवायचे नाहीत."

"ऱ्हाऊ दे," काकी म्हणाल्या. "फोटू त्यास्नी कधी सरळ जमला न्हाय. लिवलंय सरळ. तेच ठेव."

मी फिरवलेलं रद्द केलं.

रविवारी मुलींनी फोटो वाटून घेतले. नदीचा कागलला गेला. जेवणं झाल्यावर काकी माझ्याकडं आल्या, ब्लाऊजपीस घडी करून पिशवीत टाकला आणि खुर्ची संगणकाजवळ ओढली. प्रत्येक फोटोवर त्यांची नजर आधी खाली जाई. ओठ हलत, ओळ वाचून होई.

"व्हय," त्या म्हणत. "फुडचा लाव."