आत्याबाईंचं विसण

माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत असतानाही जमले नाहीत. कुणाच्या हाती ही वही पडलीच, तर त्यानं तेवढं पोटात घालावं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहिते.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझं माहेर उत्रोलीचं, सासर वेल्ह्याकडे, विंझरच्या पुढं. माझा थोरला तेव्हा दीड वर्षाचा होता. त्याला आठवडाभर हगवण लागली होती. पोर रडायचंही थांबलं होतं, नुसतं खांद्यावर मान टाकून पडायचं.

त्याच वेळी पुण्याहून एक डॉक्टर आले आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरकी शिकणारा एक पोरगा. मुक्काम महादेवाच्या देवळात. डॉक्टरांनी तपासायचं आणि पोरग्यानं भाषण करायचं, असं ठरलेलं. तो इतका लाजरा की माणसांकडे न बघता नंदीकडे बघून बोलत होता. मला त्याची दया आली.

पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, त्यांच्यामुळं हगवण लागते, असं त्यानं सांगितलं. पाणी खळखळ उकळा, झाकून ठेवा, तेच प्या. परसाकडून आल्यावर, मुलाचं धुतल्यावर, भाकरी थापायच्या आधी हात साबणानं धुवा; साबण नसला तर चुलीतली राख घ्या. मग त्यानं स्वतःचे हात धुवून दाखवले. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं.

"आरं, नवरदेवालाबी एवढं घासत न्हाईत," मागून कोणीतरी म्हणालं.

माझ्या सासूबाई पुढंच बसल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांनी विचारलं, "दिसत न्हाईत, तर हायेत कशावरनं?"

"मावशी, सूक्ष्मदर्शकातून दिसतात."

"त्ये कुठं हाय?"

"पुण्याला."

"मंग जंतूबी पुण्यालाच आसतील!"

सगळं देऊळ हसलं. पण नातवावर त्यांचा जीव. घरी येताच त्यांनी चूल पेटवली. दोन दिवस पाणी उकळलं, हात राखेनं घासले, मलाही घासायला लावले. पोराला उतार काही पडेना.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई तडक देवळात गेल्या. मागून मी, पोराला कडेवर घेऊन. डॉक्टर दुसऱ्या वाडीला गेलेले, पोरगा तेवढा मागं राहिलेला.

"तुझ्या पाण्यापायी माझं दोन आन्याचं जळण गेलं. दे भरून."

जळण रानातलं होतं आणि मी डोक्यावरून आणलेलं होतं. पण त्यानं बिचाऱ्यानं निमूट दोन आणे काढून दिले.

"मावशी, खळखळ उकळलं होतं?"

"मंग! झाकण उडस्तवर."

"झाकून ठेवलं?"

"पितळी घातली वर."

"हात?"

"कोपरापातुर घासलं."

तो वही काढून आपलंच भाषण पुन्हा वाचायला लागला. "उकळलेलेच पाणी प्यावे," असं पुटपुटला, आणि माझ्या मनात लख्खकन उजेड पडला. पोरगं एवढं पडलेलं, गप्प कशी राहू? पण देवळात चार बापय माणसं बसलेली. लग्नाला तीन वर्षं झाली होती, त्यांच्यापुढं मी कधी बोलले नव्हते.

"विसण," मी पदराआडून म्हणाले. "आत्याबाई पाण्याला विसण घालतात. आडातल्या पाण्याचं."

"मंग पोराचं त्वांड भाजू व्हय गं?" आत्याबाई माझ्यावर कडाडल्या. आंघोळीचं पाणी असो की प्यायचं, कढत असलं की आमच्याकडे त्यात तांब्याभर गार पाणी ओतायचंच. मलाही तोवर त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या पोरग्यानं कपाळाला हात लावला. "अहो, आमच्या घरीही विसण घालतात! आणि मी ते सांगितलंच नाही!"

मग त्यानं नीट सांगितलं. पाणी त्याच भांड्यात झाकून आपोआप निवू द्यायचं. तांब्या बुडवायचा नाही, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढायचं. पोराला हे पाणी आणि मीठ घातलेली पातळ पेज थोडी थोडी पाजत राहायची. संध्याकाळी डॉक्टरांनी पोराला तपासून तेच सांगितलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी पोरानं भाकरीसाठी भोकाड पसरलं. ते रडणं मी पोटभर ऐकलं.

ते लोक निघाले, तेव्हा आत्याबाईंनी त्याच्या हातावर एकच आणा ठेवला. "सांगणं अर्धं, म्हणून पैसंबी अर्धं."

पुढच्या वर्षी तो परत आला. आता नंदीकडे नाही, माणसांकडे बघून बोलला, आणि 'विसण घालू नका' हे तीनदा म्हणाला. आत्याबाईंनी त्याला जेवायला बोलावलं. स्वतः त्याच्या हातावर पाणी घातलं आणि बेचक्या, नखं, मनगटं सगळं निरखून बघितलं. मग पदराची गाठ सोडून राहिलेला आणा दिला. "घे. फिटलं तुजं."

त्यानं हसत आणा खिशात टाकला आणि भाकरीला हात घातला.

"पैशाला हात लावलास न्हवं?" आत्याबाई म्हणाल्या. "ऊठ. धुऊन ये."