तीन पासांच्या स्थळप्रती

ऑडिटरनी आमच्या ग्रामसभेनं दिलेल्या बांबू वाहतुकीच्या बारा पासांच्या स्थळप्रती, म्हणजे पासपुस्तकात मागं राहणाऱ्या प्रती, नमुन्यादाखल मागितल्या होत्या. ग्रामसभेचं दप्तर माझ्याकडे; मला नऊच सापडल्या. अध्यक्षभाऊ म्हणाले, "तीन नव्यानं लिहून टाक ना, कोन पाहून राह्यलं?"

माझं डोकंच फिरलं. मी उत्तरात सरळ लिहिलं: नऊ सोबत जोडल्या आहेत, तीन अद्याप सापडलेल्या नाहीत. खाली त्या तिन्हींचे क्रमांक दिले.

आमच्याकडे कुठलंही पत्र सभेत वाचल्याशिवाय बाहेर जात नाही. मी क्रमांक वाचले, तशी मागं बसलेली एक म्हातारी बाई उठून घरी गेली. परत आली ती धुरानं काळं पडलेलं पासांचं एक जुनं पुस्तक घेऊन.

"तुमच्या कपाटाले वाळवी लागली होती, म्हून मी हे चुलीवर धुरात टांगून ठेवलं. मले कोनी इचारलंच नाई."

त्यात दोन स्थळप्रती निघाल्या. मी पत्र पुन्हा लिहिलं: अकरा जोडल्या आहेत, एक सापडलेली नाही. अध्यक्षांनी सही केली. मग टेबलावरचं चालू पुस्तक उचलून त्यांनी बाईंपुढं धरलं.

"पुरं लिहून झाल्यावर हेबी टांगा, बाई."